ऑपरेशन २०१२ चं, रक्तस्राव २०२३ चा

माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन २०१२ मध्ये झालं. पाळी बिघडली २०२३ च्या उन्हाळ्यात. मध्ये जवळजवळ अकरा वर्षं गेली होती. तरीही पाळी बिघडल्याचं कळल्यावर घरात, शेजारी आणि कामावर एकच कारण निघालं: ऑपरेशन. आमच्या भागात जिच्या दोन-तीन बाळंतपणांनंतर हे ऑपरेशन झालेलं नाही अशी बाई शोधावी लागते. त्यामुळे चाळिशीत कुणाचंही अंगावरून जास्त जायला लागलं की मागे वळून बघितल्यावर ऑपरेशन दिसतंच. ते खरोखर कारण असतं का, हे माझ्यापुरतं शोधायला मला काही महिने लागले. ते इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न मला पुष्कळ जणी विचारतात आणि दोन वाक्यांत त्याचं उत्तर देता येत नाही.

मी तासगावात एका पतसंस्थेत हिशेब पाहते. पहिलं मूल २००९ चं, दुसरं २०१२ चं. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. दुसऱ्या वेळी ग्रामीण रुग्णालयातच बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी टाक्याचं ऑपरेशन झालं. बेंबीखाली छोटा छेद, दोन-तीन टाके. तेव्हा मी तीस वर्षांची होते.

२०२३ च्या मे महिन्यापासून पाळी आठ-नऊ दिवस चालू लागली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तासा-दीड तासात पॅड भिजायचं, रात्री दोनदा उठावं लागायचं, मोठ्या गाठी पडायच्या. पोटात दुखणं तर असं की पाय गळून जायचे. जुलैत कॅश मोजताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा गावातल्या एका दवाखान्यात दाखवलं. सोनोग्राफीत गर्भाशयाला सूज आहे असं आलं. डॉक्टर म्हणाले, ‘नसबंदीनंतर असं होतंच. दोन मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम? काढून टाकू.’ ऑपरेशनची तारीखही द्यायला निघाले होते. रक्त तपासलं नव्हतं, आतून तपासणी झाली नव्हती.

पिशवी काढायला माझा तत्त्वतः विरोध नव्हता. पण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांबद्दल २०१९ मध्ये पेपरात जे येत होतं ते मी वाचलं होतं. तरुण वयात, साध्या तक्रारींवर, बाकी काही न करता पिशव्या काढलेल्या. त्यामुळे कारण कळल्याशिवाय टेबलावर जायचं नाही हे मी ठरवलं. यांचंही म्हणणं तेच पडलं. चुलत जावेने मिरजेच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमचं नाव सुचवलं होतं, तिथे गेलो.

मॅडमनी सोनोग्राफीचा कागद बाजूला ठेवला आणि आधी माझी पाळी विचारायला सुरुवात केली. मला वाटलं आताचीच सांगायची. पण त्यांनी केसपेपर उलटा केला, त्यावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, ‘ताई, पहिली पाळी कधी आली तिथपासून सांगा.’

रेघेच्या डाव्या टोकाला त्यांनी तेरा वर्षं असं लिहिलं. लग्नाआधी पाळी कशी होती? सहा दिवस, पहिले दोन दिवस भरपूर, पोट दुखायचं, कॉलेजला दांडी पडायची. लग्नानंतर? पहिल्या मुलानंतर आशाताई माला-एनच्या गोळ्या द्यायच्या, त्या मी वर्ष-दीड वर्ष घेतल्या. तेव्हा पाळी कशी? अगदी कमी, तीन दिवसांत संपायची. मग गोळ्या सोडल्या, दिवस राहिले, बाळंतपण, ऑपरेशन, आणि बाळ अंगावर पीत होतं तोवर आठ-नऊ महिने पाळीच नाही. मग आली ती पाच-सहा दिवसांची.

इथे मी त्यांना माझ्या मनातलं सांगितलं: ‘मॅडम, ऑपरेशनच्या आधी मला तीन दिवसांची पाळी होती आणि नंतर पाच-सहा दिवसांची झाली. म्हणजे थोडा फरक तर ऑपरेशननेच पडला ना?’

त्यांनी पेनाने त्या तीन दिवसांवर गोल केला. म्हणाल्या, ‘ही तुमची पाळी नव्हती, गोळ्यांची पाळी होती. गोळ्यांमधल्या हार्मोनमुळे गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, म्हणून जातंही कमी. गोळ्या बंद झाल्या की शरीर आपल्या मूळच्या पाळीवर येतं. तुमची मूळची पाळी सहा दिवसांचीच होती की.’ मग रेघेवर लग्नाआधीचे सहा दिवस आणि ऑपरेशननंतरचे पाच-सहा दिवस असे दोन खुणा करून माझ्यापुढे कागद सरकवला.

हे इतकं सरळ होतं, पण दहा वर्षांत कुणी मांडून दाखवलं नव्हतं. ऑपरेशन ज्या सुमारास होतं तो काळच असा असतो की नेहमीची पाळी आठवतच नाही. मागे गोळ्या असतात, नाहीतर तांबी, मग गरोदरपण, मग अंगावर पाजणं. बाई ऑपरेशननंतरच्या पाळीची तुलना करते ती या मधल्या काळाशी. गोळ्या घेणारीला ऑपरेशननंतर पाळी वाढल्यासारखी वाटते. तांबी असलेलीला उलट कमी झाल्यासारखी वाटते, कारण साध्या तांबीने मुळात जास्त जातं आणि ऑपरेशनच्या वेळी ती काढलेली असते. ऑपरेशन दोघींचं एकच.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला: २०१३ ते २०२३ या दहा वर्षांत पाळी हळूहळू वाढत गेली का? नाही. दहाही वर्षं तशीच होती. बिघडली ती या वर्षी. म्हणजे रेघेवर दोन वेगवेगळे बदल होते. पहिला २०१३ चा, त्याचा उलगडा गोळ्यांनी होत होता. दुसरा आत्ताचा, आणि तो नवीन होता. ‘नवीन बदलाला नवीन कारण शोधायचं,’ असं त्या म्हणाल्या.

तरी मी सोडलं नाही. नळ्या बांधल्याने अंडाशयाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि त्यामुळे हार्मोन बिघडतात, असं मी मोबाइलवर वाचलं होतं. मॅडमनी चित्र काढलं. माझ्या ऑपरेशनमध्ये नळीचा मधला भाग वर उचलून त्याचा फास बांधतात आणि तेवढाच तुकडा कापतात. गर्भाशयाला हात लागत नाही, अंडाशयालाही नाही. अंडाशयाची मुख्य रक्तवाहिनी वरून, दुसऱ्या बाजूने येते, नळीतून जात नाही. नळीच्या कडेने एक छोटी फांदी जाते, तिला धक्का लागू शकतो. म्हणून परिणाम होत असेल का हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता आणि त्याचा नीट तपास झालेला आहे.

तो तपास अमेरिकेतला आहे आणि २००० साली छापला गेला. नसबंदी झालेल्या ९,५१४ बायका घेतल्या आणि त्यांच्याशी तुलना केली ती ५७३ अशा बायकांची, ज्यांच्या नवऱ्यांची नसबंदी झाली होती. ही निवड मला फार योग्य वाटली. दोन्ही गटांतल्या बायकांना मूल नको होतं, दोघींच्याही घरी आता गोळ्यांची गरज उरली नव्हती आणि दोघींचंही वय वाढत होतं. फरक एवढाच की एका गटात नळ्या बांधलेल्या, दुसऱ्यात नाहीत. पाच वर्षांपर्यंत विचारपूस केली. नसबंदी झालेल्यांत जास्त रक्तस्राव आढळला नाही. उलट, किती दिवस जातं, किती जातं आणि किती दुखतं या तिन्ही गोष्टी कमी झाल्याचं सांगणाऱ्या बायका त्यांच्यातच जास्त होत्या. एक गोष्ट मात्र नसबंदीच्या बाजूने गेली नाही: पाळीच्या तारखा थोड्या मागेपुढे होऊ लागल्या असं सांगणाऱ्याही त्यांच्यात जास्त होत्या. मॅडमनी हेही लपवलं नाही, म्हणून माझा बाकीच्यावर विश्वास बसला. ‘तारीख चुकते म्हणून आलात तर मी ऑपरेशनचा विचार थोडा तरी करीन,’ त्या म्हणाल्या, ‘पण अकरा वर्षांनी गाठी पडायला लागल्या, त्याचं खापर नळ्यांवर फोडलं तर खरं दुखणं तसंच राहील.’

माझ्या मोबाइलमध्ये परदेशातल्या बायकांचे अनुभवही साठवलेले होते. नळीबंदीनंतर भयंकर रक्तस्राव, पोटदुखी, अंगावर पुरळ. मॅडमनी ते वाचले आणि दाखवलं की त्यातल्या बऱ्याच बायका एश्युअर नावाच्या वस्तूबद्दल लिहीत होत्या. ती एक धातूची बारीक स्प्रिंग असते, योनीमार्गातून आत नेऊन नळीच्या तोंडाशी बसवायची. तक्रारी वाढल्यावर अमेरिकेत तिची विक्री २०१८ च्या अखेरीस थांबली. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत होणाऱ्या टाक्याच्या किंवा बिनटाक्याच्या ऑपरेशनाशी तिचा संबंध नाही. त्या बायकांचं दुखणं खोटं नव्हतं, पण त्यावरून माझ्या ऑपरेशनाबद्दल काही ठरवता येत नव्हतं.

मग तपासण्या सुरू झाल्या. पहिलीच ऐकून मी चमकले: लघवीची, दिवस गेलेत का याची. ‘ऑपरेशन झालंय की मॅडम!’ मी म्हटलं. त्यांनी सांगितलं की नसबंदी क्वचित का होईना, फसते. आणि ती फसून दिवस राहिले तर गर्भ नळीतच राहण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. अशा वेळी पाळी चुकते, मग वेडंवाकडं अंगावरून जातं आणि एका बाजूला दुखतं. नळी फुटली तर पोटात रक्त साचून जीव जाऊ शकतो. म्हणून पाळीच्या वयातली बाई रक्तस्रावाची तक्रार घेऊन आली की नसबंदी झालेली असली तरी ही तपासणी आधी करतात. नसबंदी आणि रक्तस्राव यांचा हा एक संबंध मात्र खरा आहे आणि त्याचं कुणीच नाव काढत नाही. माझी तपासणी निगेटिव्ह आली.

रक्तात हिमोग्लोबिन ७.६ निघालं. बारा हवं. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ रिकामा. थायरॉईड ठीक. दात काढल्यावर रक्त थांबत नाही का, घरात कुणाला असा त्रास आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारलं. तसं काही नव्हतं. आतून तपासताना मॅडमनी गर्भाशयाचं तोंड नीट पाहिलं आणि पॅप तपासणीसाठी नमुना घेतला.

सोनोग्राफी पुन्हा केली, या वेळी योनीमार्गातून आणि पाळी संपल्यावर लगेच. गावातल्या कागदावर ‘सूज’ एवढंच होतं. इथे कळलं की गर्भाशयाची मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा बरीच जाड आहे, तिच्यात बारीक काळे ठिपके आणि पट्टे दिसतात. गाठ एकही नाही, अस्तरात कोंब नाही. या दुखण्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात. गर्भाशयाचं आतलं अस्तर भिंतीच्या स्नायूत शिरतं, दर महिन्याला तिथल्या तिथे सुजतं, भिंत जाड होते, नीट आवळली जात नाही. म्हणून जास्त जातं आणि म्हणूनच इतकं दुखतं. चाळिशीच्या आसपास, मुलं झालेल्या बायकांत हे जास्त आढळतं. ‘नसबंदीने?’ मी शेवटचं विचारलं. ‘बाळंतपणं, क्युरेटिंग, सिझेरियन, म्हणजे जिथे गर्भाशयाच्या भिंतीला ताण किंवा जखम होते, त्यांच्याशी याचा संबंध सांगतात. नसबंदीत भिंतीला हातच लागत नाही.’

वय चाळिशीपुढे असल्यामुळे अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवला. त्यासाठी भूल दिली नाही. एक बारीक नळी आत घालून थोडं अस्तर ओढून घेतात. मिनिट-दोन मिनिटं जोराची कळ येते, बाळंतपणाच्या सुरुवातीच्या कळेसारखी, आणि मग उतरते. मला घरी जाताना थोडं अंगावरून गेलं, एवढंच. आठवड्याने अहवाल आला, कर्करोगाचं किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेचं काही नव्हतं. तो कागद हातात पडेपर्यंतचा आठवडा मला सगळ्यात जड गेला.

उपचारात पहिलं काम रक्त भरून काढण्याचं होतं. ७.६ वर गोळ्यांनी फार वेळ लागला असता, म्हणून एक दिवसाआड सलाईनमधून लोह दिलं. पाळीच्या जोराच्या दिवसांसाठी ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या, दिवसातून तीन वेळा, चार दिवस आणि तेवढेच दिवस. पायात किंवा छातीत रक्ताची गुठळी झालेल्या बाईला त्या चालत नाहीत, म्हणून आधी तेही विचारून घेतलं. पहिल्याच पाळीत बराच फरक पडला. पण दर महिन्याला गोळ्यांवर ढकलायचं नव्हतं, पुढचं काहीतरी ठरवायला हवं होतं.

मला अस्तर जाळून घ्यायचं होतं. माझ्या नणंदेचं पिंपरीत २०१९ साली झालेलं मी पाहिलं होतं. गर्भाशयात फुगा घालून त्यातलं पाणी गरम करतात, अस्तर जळतं, संध्याकाळी बाई घरी. तिची पाळी जवळजवळ बंदच झाली होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मी मॅडमना म्हटलं, ‘पिशवी नको काढायला, फुग्याचं करा.’ मॅडमनी विचारलं, ‘तुमच्या वन्संची नसबंदी झालेली आहे का? आणि आता त्यांना कसं आहे?’ नसबंदी झाली होती, दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी. कसं आहे ते मला माहीत नव्हतं. त्या रात्री फोन केला.

तिने जे सांगितलं ते तिने माहेरी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पहिलं दीड वर्ष सुखात गेलं. मग दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोटात उजवीकडे सुरी खुपसल्यासारखं दुखायला लागलं. अंगावरून काहीच जात नव्हतं, कधी तपकिरी डाग तेवढा. पाळी नाही म्हणजे पाळीचं दुखणं नाही, असं धरून एकाने गॅस सांगितला, एकाने मुतखडा, एकाने अपेंडिक्स. सोनोग्राफी प्रत्येक वेळी स्वच्छ, कारण वेळ मिळेल तेव्हा, म्हणजे दुखणं उतरल्यावर ती केलेली असायची. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला तारखा लिहायला लावल्या. दुखण्याच्या तारखा बरोबर महिन्याच्या अंतराने निघाल्या. मग दुखत असतानाच सोनोग्राफी केली तेव्हा गर्भाशयाच्या उजव्या कोपऱ्यात, नळी सुरू होते तिथे, साचलेलं रक्त दिसलं.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. अस्तर जाळताना गर्भाशयाच्या दोन्ही कोपऱ्यांत थोडं शिल्लक राहू शकतं. ते दर महिन्याला झरतंच. खालचा रस्ता जळून भरून आलेल्या व्रणाने बंद झालेला असतो. नळ्या मोकळ्या असत्या तर थोडं रक्त वर गेलं असतं, पण नसबंदीने तोही रस्ता बंद. शेतातल्या पाटाला दोन्ही अंगांनी माती लावावी आणि मध्ये पाझर चालू राहावा, तसं ते रक्त अडकतं आणि ताणाने दुखतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये याचं पहिलं वर्णन केलं. हे सगळ्यांना होत नाही, बहुतेकींना होत नाही. पण ज्यांचं अस्तर जाळलं त्यांच्यापैकी नसबंदी झालेल्यांना नंतर दुखण्याचा धोका जास्त असतो, हे आता माहीत आहे. वय पंचेचाळीसच्या आत असेल तर अस्तर पुन्हा उगवण्याची शक्यताही जास्त, कारण पाळी थांबायला अजून बरीच वर्षं असतात. आणि माझ्यासारखं अ‍ॅडिनोमायोसिस असेल तर फुगा वरचं अस्तर जाळतो, स्नायूत शिरलेलं तसंच राहतं. माझ्याकडे तिन्ही गोष्टी होत्या.

मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात खटकलं ते हेच. साध्या नसबंदीमुळे रक्तस्राव वाढतो असं गावभर बोललं जातं, आणि त्याला आधार नाही. पण नसबंदी झालेल्या बाईचं अस्तर जाळलं तर पुढे असं अडकून दुखू शकतं, याला आधार आहे, आणि ते नणंदेला सही घेताना कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत असतं तर तिने कदाचित तरीही तेच निवडलं असतं. पण दुसऱ्या वर्षी दुखायला लागल्यावर पहिल्याच डॉक्टरांना ‘माझं अस्तर जाळलंय आणि नसबंदीही झालीय’ एवढं तरी सांगितलं असतं. तिने हे दोन्ही सांगितलंच नव्हतं, कारण पोटदुखीशी त्याचा काही संबंध असेल असं तिला वाटलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिचं शेवटी गर्भाशय आणि नळ्या काढल्या, अंडाशयं ठेवली. दुखणं गेलं.

अस्तर जाळल्यानंतर काही वर्षांनी पुन्हा जास्त जायला लागलं तर, हेही मी विचारून घेतलं, कारण पतसंस्थेत माझ्या शेजारी बसणारीचं तसं झालं होतं. बऱ्याच वेळा अस्तर पुन्हा वाढलेलं असतं किंवा आधीपासूनचं अ‍ॅडिनोमायोसिस, गाठ डोकं वर काढते. पण ‘ते जाळलेलंच आहे, त्याचंच असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही. आत चिकटलेलं असल्यामुळे अस्तराचा तुकडा घेणं अशा बाईत अवघड जातं, म्हणून तपासणी लांबवायची नाही. जाळण्याआधी तुकडा तपासला होता का, तो कागदही शोधून ठेवायचा. आणि अस्तर जाळणं म्हणजे नसबंदी नव्हे. ज्यांच्या नळ्या बांधलेल्या नाहीत त्यांना दिवस राहू शकतात आणि ते गरोदरपण धोक्याचं असतं.

माझ्यासाठी मॅडमनी हार्मोनची तांबी सुचवली. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, ऑपरेशन झालेलीला कसली तांबी?’ त्यांचा प्रश्न बरोबरच होता. ही तांबी गर्भ राहू नये म्हणून नव्हती. तिच्यात तांबं नसतं. प्लास्टिकच्या छोट्या दांडीतून रोज थोडंथोडं हार्मोन गर्भाशयातच सुटतं, अस्तर पातळ होत जातं आणि अ‍ॅडिनोमायोसिसचं दुखणंही कमी होतं. पाच वर्षं चालते, नको झाली तर काढता येते. गर्भाशयाचा कोणताही रस्ता ती बंद करत नाही, त्यामुळे नणंदेसारखं अडकून राहण्याची भीती नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते त्या तांबीपेक्षा बरीच महाग पडते, ते मात्र खरं.

बसवताना कळ आली, तुकडा घेताना आली होती तेवढीच. मॅडमनी आधीच बजावलं होतं की पहिले तीन ते सहा महिने थोडंथोडं, अवेळी, डाग पडल्यासारखं जात राहील आणि काही बायका याच काळात वैतागून ती काढून घेतात. मलाही चार महिने जवळजवळ रोज डाग पडत होते. देवाधर्माचं, सणासुदीचं अवघड होऊन बसलं आणि सासूबाईंची कुरकुर चालू होती. पण डाग आणि पूर येणं यात फरक होता. पाचव्या महिन्यात पाळी दोन दिवसांवर आली, मग नुसता डाग. हिमोग्लोबिन ११.९ झालं. जिने चढताना थांबावं लागत नाही.

सगळ्यांना ही तांबी लागू पडते असं नाही. माझ्या ओळखीच्या एकीच्या गर्भाशयात मोठी गाठ होती, तिची तांबी निसटून पडली आणि तिला शेवटी पिशवी काढावी लागली. तिच्या बाबतीत तेच योग्य होतं. मला पिशवी काढण्याबद्दल राग नाही. रक्त न तपासता, दिवस गेलेत का हे न बघता, अस्तराचा तुकडा न घेता, ‘नसबंदीनंतर असं होतंच’ या एका वाक्यावर ती काढायला निघणं, याबद्दल आहे.

आता कुणी मला विचारलं की ऑपरेशनने माझी पाळी बिघडली का, तर मी तिला कागदावर ती रेघ मारायला लावते. पहिली पाळी, लग्नाआधीची पाळी, गोळ्या किंवा तांबी कधी होती, बाळंतपणं, ऑपरेशनचं वर्ष, त्यानंतर पहिली पाळी कशी आली, आणि आताचा त्रास नक्की कोणत्या महिन्यात सुरू झाला. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, म्हणते. किती पॅड, किती भिजलेले, गाठी रुपयाच्या नाण्याएवढ्या की मोठ्या, रात्री उठावं लागतं का, हेही दोन पाळ्यांचं लिहून न्यायचं. तासाला एक पॅड असं सलग दोन-तीन तास भिजत असेल, चक्कर येत असेल, किंवा पाळी चुकून एका बाजूला दुखत असेल, तर मात्र रेघ मारत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

माझी पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तांबीचा दोरा जागेवर आहे का ते बघतील आणि हिमोग्लोबिन पुन्हा करतील. लोहाच्या गोळ्या अजून चालू आहेत, कारण रक्त वर आलं तरी साठा भरायला आणखी काही महिने लागतात. नणंदही त्याच आठवड्यात मिरजेला येणार आहे. तिच्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच खूप जातं आणि दाढ काढली तेव्हा रक्त दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं नव्हतं. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, तिला नक्की घेऊन या, रक्त गोठण्याच्या तपासण्या करायला हव्यात.